टॅरोला लॉटरीचा आकडा विचारला तर

टॅरो वाचणाऱ्यांकडे हमखास येणारा प्रश्न: “लॉटरीचा आकडा सांगा ना!” उत्तर स्पष्ट नकाराचंच हवं. कारण पत्त्यांच्या रचनेतच आहे. 78 पानांपैकी 16 राजा-राणी वगैरेंच्या पानांवर आकडाच नसतो. 1 ते 9 यांपैकी प्रत्येक आकडा पाच पानांवर येतो, शून्य मात्र फक्त ‘फूल’ या एका पानावर. लॉटरीच्या सोडतीत प्रत्येक स्थानी शून्य ते नऊ यांना समान संधी असते. म्हणजे पत्ते सोडतीची साधी नक्कलही करू शकत नाहीत, मग भाकीत कुठलं?

शेअरचा प्रश्न जास्त धोक्याचा, कारण ‘पेंटॅकल्स’च्या पानांवर नाणीच असतात आणि ‘दहा पेंटॅकल्स’ निघालं की माणूस ते ‘घ्या’ असं वाचतो. त्या पानाला कंपनीचा नफा किंवा कर्ज ठाऊक नसतं. शिवाय पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते.

जाणता वाचक प्रश्नच बदलायला लावतो: “हा शेअर घेऊ का?” ऐवजी “मला एवढी घाई कशाची झाली आहे?” यावर पानं निदान बोलायला निमित्त देतात. हप्ते थकलेत, मेव्हण्याने फ्लॅट घेतलाय, अशी खरी कारणं तिथे बाहेर येतात.