विश्लेषण : व्हिडिओसाठीचे ‘मोफत’ संगीत खरेच मोफत असते का? परवान्यात काय पाहावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील होमस्टे चालक, आंबा बागायतदार आणि छोटे व्यावसायिक आता मोबाइलवरच व्हिडिओ तयार करून आपली जाहिरात करतात. हाताशी नसलेली दृश्ये स्टॉक फुटेजच्या संकेतस्थळावरून येतात आणि पार्श्वसंगीतही ‘मोफत’ म्हणून डाउनलोड होते. मात्र मोफत डाउनलोड आणि मोफत वापर या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक परवान्यात लिहिलेला असतो.

परवान्यातील अक्षरांचा अर्थ काय?

समजा, आरे-वारे किनाऱ्याजवळच्या एका होमस्टेसाठी ९० सेकंदांचा व्हिडिओ करायचा आहे. त्यासाठी चार धून आवडल्या. चारही ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याच्या, म्हणजे मोफतच आहेत. पण त्यांच्यापुढे CC BY-NC, CC BY-ND, CC BY-SA आणि CC BY अशी वेगवेगळी अक्षरे आहेत.

NC म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई. व्हिडिओ विकायचा नसला तरी तो होमस्टेची जाहिरात करतो. त्यामुळे ही धून बाद होते.

ND म्हणजे मूळ कृतीत बदल करून ती प्रसिद्ध करण्यास मनाई. ‘धून कापली नाही, जशीच्या तशी लावली, मग बदल कुठे झाला?’ असे अनेकांना वाटते. पण संगीत चालत्या दृश्याशी जुळवले की त्यातून नवी रूपांतरित कृती तयार होते, असे या परवान्याच्या मजकुरातच नमूद आहे. म्हणून ND परवान्याची धून कोणत्याही व्हिडिओखाली लावता येत नाही.

SA मध्ये वापराची मुभा आहे, पण तयार झालेला व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. म्हणजे शेजारचा होमस्टे चालकही श्रेय देऊन तो घेऊ शकतो. शिवाय व्हिडिओत स्टॉक संकेतस्थळाचे दृश्य असेल, तर ते असे खुले करण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो. उरते ती CC BY. तिची मुख्य अट श्रेय देण्याची.

श्रेय कसे द्यावे?

‘संगीत : इंटरनेट’ किंवा ‘संगीताचे हक्क मूळ मालकाकडे’ हे श्रेय नव्हे. कृतीचे नाव, निर्माता, स्रोत आणि परवान्याची लिंक द्यावी लागते. बदल केला असेल तर तोही नमूद करावा. अमेरिकी संगीतकार केव्हिन मॅक्लिऑड यांची ‘केअरफ्री’ ही धून घेतली, तर व्हिडिओच्या वर्णनात असा मजकूर टाकावा :

```
"Carefree" Kevin MacLeod (incompetech.com)
Licensed under Creative Commons: By Attribution 4.0
https://creativecommons.org/licenses/by/4.0/
```

श्रेय द्यायचे राहिले तर परवाना आपोआप संपतो. मात्र 4.0 आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केल्यास परवाना पुन्हा लागू होतो.

नियम पाळूनही दावा आला तर?

यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा व्हिडिओतील आवाज नोंदणीकृत संगीताशी ताडून पाहते. परवाना कोणाकडे आहे, हे तिला कळत नाही. त्यामुळे योग्य परवाना असतानाही दावा येऊ शकतो. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. बहुतेकदा जाहिरातीचे उत्पन्न दावेदाराकडे वळते, काही वेळा व्हिडिओ रोखला जातो. यूट्यूब स्टुडिओतून या दाव्यावर आक्षेप घेता येतो. त्याला उत्तर देण्यासाठी दावेदाराला ३० दिवस मिळतात. मात्र आक्षेपासाठी पुरावा हाताशी हवा.

हा पुरावा डाउनलोड करतानाच जमवावा. परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, धूनची लिंक आणि परवान्याचे प्रमाणपत्र मिळत असल्यास तेही व्हिडिओच्या फोल्डरमध्ये ठेवावे. कारण अटी बदलतात. ‘पिक्साबे’ने जानेवारी २०१९ मध्ये सर्व हक्क सोडणारा CC0 परवाना बंद करून स्वतःचा परवाना लागू केला.

दृश्यांबाबत काय पाहावे?

समजा, स्टॉक संकेतस्थळावर मिरकरवाडा बंदरातील मासेविक्रेतीचे जवळून घेतलेले दृश्य मिळाले. चित्रीकरण करणाऱ्याने वापराची परवानगी दिली असली, तरी त्या महिलेने आपल्या होमस्टेची जाहिरात करण्यास संमती दिलेली नसते. ‘पेक्सेल्स’च्या अटींनुसार, दृश्यातील व्यक्ती आपल्या उत्पादनाची शिफारस करते असे भासवता येत नाही. दृश्यावर ‘editorial use only’ असे लिहिले असेल, तर ते बातमी वा माहितीपर वापरासाठीच असते, जाहिरातीसाठी नाही. चेहरे ओळखू येत असतील तर संबंधितांची लेखी संमती आहे का, हे पाहावे. ती नसेल तर चेहरा न दिसणारे दृश्य निवडावे, किंवा बंदरावर जाऊन, परवानगी घेऊन स्वतःच चित्रीकरण करावे.