लॉगच्या गणितात मार्क नेमके जातात कुठे? एका पालकांना लिहिलेला ईमेल

पीएचडीच्या कामातून वेळ काढून मी बारावीच्या काही मुलांना ऑनलाइन शिकवते. त्यातल्या एकाचे वडील पिंपळगाव बसवंतला असतात, द्राक्षबाग आहे. त्यांचा प्रश्न सरळ होता: "लॉग आलं की याचे मार्क जातात. टेबल बघताच येत नाही का? क्लास बदलू का?"

क्लास बदलणं म्हणजे पुन्हा फी, पुन्हा नवी सुरुवात, आणि बोर्ड तोंडावर. म्हणून उत्तर देण्याआधी मी मुलाकडून मागच्या चाचण्यांचे पेपर मागवले आणि लॉगची सगळी गणितं बाजूला काढली. जे दिसलं ते ईमेलमध्ये लिहिलं. तो ईमेल इथे देते, कारण चूक शोधायची ही पद्धत तुम्हाला पुढे डेटा तपासतानाही लागणार आहे.

ईमेल

नमस्कार काका,

पेपर नीट पाहिले. त्याला टेबल बघता येतं. अभिक्रियेच्या वेगाची गणितं त्याने लॉग टेबलवरूनच सोडवली आहेत आणि ती सगळी बरोबर आहेत. त्या गणितांत 1 पेक्षा मोठ्या संख्येचा लॉग घ्यावा लागतो. चुकलेल्या प्रत्येक गणितात मात्र 1 पेक्षा लहान संख्या आहे, म्हणजे 0.05 किंवा 1.8 × 10⁻⁵ अशी. अडचण तेवढ्याच ठिकाणी आहे.

लहान संख्येचा लॉग दोन भागांत लिहितात. 1.8 × 10⁻⁵ चा लॉग 5̄.2553 असा लिहिला जातो. 5 च्या डोक्यावरची आडवी रेघ म्हणजे बार. ऋण फक्त तो 5 आहे, पुढचं .2553 धनच असतं. म्हणजे खरी किंमत −5 + 0.2553. तुमचा मुलगा ती −5.2553 अशी वाचतो.

हिशोबाच्या भाषेत सांगते. कृषी सेवा केंद्रात तुमची 5000 रुपये उधारी आहे आणि खिशात 255 रुपये 30 पैसे आहेत. तर तुम्ही 4744 रुपये 70 पैशांनी मागे आहात. तुमचा मुलगा खिशातले पैसेही उधारीतच धरतो आणि 5255 रुपये 30 पैसे देणं काढतो.

आता त्याचं पेपरमधलं गणित बघा. 0.05 M ॲसिटिक आम्लाचा pH काढायचा होता, Kₐ = 1.8 × 10⁻⁵ दिलं होतं. हायड्रोजन आयनांची संहती √(Kₐ × c) इतकी येते. सूत्र बरोबर, किमती बरोबर मांडल्या, तिथले मार्क मिळाले. पुढे:

log(1.8 × 10⁻⁵) = 5̄.2553
log(0.05) = 2̄.6990
बेरीज = 7̄.9543

इथपर्यंतही बरोबर. वर्गमूळ हवं म्हणून याला 2 ने भागायचं. त्याने 7.9543 ला 2 ने भागलं, 3.977 आलं, आणि pH 3.98 लिहिला. मार्क इथे गेले.

पुन्हा उधारीकडे या. 7000 ची उधारी आणि खिशात 954.30 रुपये, दोन भावांत वाटायचे. 7000 चे हजारांत दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून आणखी 1000 उधार घ्या आणि तेच खिशात ठेवा. आता उधारी 8000, खिशात 1954.30. एकूण स्थिती तीच राहिली, पण वाटणी सोपी झाली: प्रत्येकाला 4000 उधारी आणि 977.15 रुपये. लॉगमध्ये लिहायचं तर:

7̄.9543 = −8 + 1.9543
÷ 2 = −4 + 0.9772 = 4̄.9772

अँटीलॉग 9.488 × 10⁻⁴ येतो, आणि pH = 4 − 0.9772 = 3.02.

फवारणीच्या पाण्याचा pH तुम्ही बघता, त्यामुळे 3 आणि 4 मधला फरक तुम्हाला वेगळा सांगायला नको. एक आकडा सरकला की आम्लता दहापट बदलते. त्याचं उत्तर जवळजवळ नऊपटीने चुकलं आहे.

उपाय असा. पुढचे दोन आठवडे बार असलेली प्रत्येक संख्या त्याने आधी फोडून लिहायची: −5 + 0.2553. उधारी एका रकान्यात, खिशातले पैसे दुसऱ्या रकान्यात. रोज चारच गणितं, त्यांत एक तरी वर्गमूळाचं. अधूनमधून त्याला विचारा: "0.003 चा लॉग 3̄.4771 आहे, मग उणे किती?" −2.5229 म्हणाला तर समजलं. −3.4771 म्हणाला तर आणखी सराव हवा. क्लास बदलायची गरज मला वाटत नाही.

आता तुमच्यासाठी

बार ही भानगड आलीच कशाला? 1614 मध्ये नेपियरने लॉगॅरिदम मांडले आणि 1624 मध्ये ब्रिग्जने 10 पायाचं मोठं टेबल छापलं. 10 पाया घेतला की 3, 300 आणि 0.003 या तिन्हींचा दशांश भाग 0.4771 हाच राहतो, बदलतो तो फक्त पूर्णांक. दशांश भाग कायम धन ठेवला की एकाच टेबलवर सगळ्या संख्या भागतात. बोर्डाच्या परीक्षेत आजही कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून बार टिकून आहे.

गेटला पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, तो बार दाखवत नाही. पण हीच चूक उलट्या दिशेने येते. समजा pH 3.02 आहे आणि हाताने संहती काढायची आहे. बरेच जण 0.02 चा अँटीलॉग बघतात, 1.047, आणि 1.047 × 10⁻³ लिहून मोकळे होतात. टेबलमध्ये धन दशांशच शोधता येतो, म्हणून −3.02 चं आधी −4 + 0.98 करावं लागतं. 0.98 चा अँटीलॉग 9.55, म्हणून उत्तर 9.55 × 10⁻⁴.

ही चूक पकडायची कशी? वरच्या मुलाची चूक अंदाजानेच सापडते. Kₐ × c = 9 × 10⁻⁷, म्हणजे 10⁻⁶ पेक्षा थोडं कमी. त्याचं वर्गमूळ 10⁻³ पेक्षा थोडं कमी, म्हणून pH 3 च्या थोडा वर. 3.98 बघताक्षणी खटकायला हवा. दुसऱ्या उदाहरणात फरक दहा टक्क्यांच्या आसपासच आहे, तिथे ढोबळ अंदाज पुरत नाही. तिथे दिशा बघा: pH 3 पेक्षा जास्त असेल तर संहती 10⁻³ पेक्षा कमीच हवी, आणि 1.047 × 10⁻³ तर जास्त आहे.

आणि निदानाबद्दल. "लॉग कच्चं आहे" हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यावर काही करता येत नाही. बरोबर आलेली आणि चुकलेली गणितं शेजारी ठेवली तेव्हा दोन्हींत वेगळी अशी एकच गोष्ट उरली: संख्या 1 च्या कोणत्या बाजूला आहे. नुसती चुकलेली गणितं पाहिली असती तर टेबलवरच शंका राहिली असती. टेबलला मोकळं सोडलं ते बरोबर आलेल्या गणितांनी. प्रयोगात कंट्रोल हेच काम करतो. तुमच्या सराव परीक्षांच्या पेपरांतली बरोबर उत्तरंही म्हणूनच जपून ठेवा.