मेंदी रंगते लिंबाने की वेळेने?

नागपंचमी आणि मंगळागौरीच्या दिवसांत उपनगरांतल्या घराघरांत मेंदी भिजू लागते. पाककृती मात्र प्रत्येक घरी निराळी. घाटकोपरच्या एका घरात पीठ चहाच्या पाण्यात भिजते, मुलुंडमधल्या शेजारणी दही घालतात, बोरिवलीच्या आजींचा आग्रह लिंबाचा, तर अंधेरीतली मेंदीवाली म्हणते, ‘रात्रभर ठेवा, मग बघा.’ यातले कोणते म्हणणे खरे, हे समजून घ्यायचे तर पानाच्या आत काय चालते ते आधी पाहायला हवे.

मेंदीच्या पानात रंग तयार स्वरूपात नसतो. ज्या द्रव्यामुळे हात रंगतो त्याला लॉसोन म्हणतात. पानात त्याचा पूर्वज साखरेच्या रेणूशी जोडलेला असतो आणि या जोडीला रंग नसतो. पाणी मिळाले की पानातलीच विकरे ही जोडी तोडतात, साखर सुटते आणि मोकळा झालेला रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे लॉसोनमध्ये बदलतो. हा लॉसोन त्वचेतल्या आणि केसांतल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो. त्यामुळे तो साबणाने धुऊन जात नाही, त्वचेचा वरचा थर झडेपर्यंत टिकतो. पीठ भिजवून ठेवायचे ते याचसाठी. ही रासायनिक घडामोड एका क्षणात होत नाही, तिला वेळ लागतो आणि तो वेळ तापमान ठरवते.

मुंबईत हा फरक चांगलाच जाणवतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास असते, तर जानेवारीत पहाटे ते १७ अंशांपर्यंत उतरते. साध्या पाण्यात कालवलेले पीठ मे महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन ते चार तासांत रंग सोडू लागते. जानेवारीत रात्रभर ठेवले तरी ते सकाळी जेमतेम तयार होते. म्हणून ‘आठ तास भिजवा’ असा एकच नियम वर्षभर चालत नाही.

आता लिंबाकडे वळू. आंबट घातले की रंग जास्त सुटतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लिंबाचा रस रंग सुटण्याचा वेग कमी करतो. त्याची आम्लता तीव्र, म्हणजे पीएच दोन ते अडीच असते. एवढ्या आंबट माध्यमात बहुतेक वनस्पतींची विकरे मंदावतात आणि हवेशी होणारी क्रियाही हळू होते. रंग उशिरा येतो, पण त्याचा फायदाही असतो. मोकळा झालेला रेणू घाईने हवेशी संयोग पावून वाया जात नाही, तो जास्त वेळ उपयोगी राहतो. नुसत्या पाण्यातली मेंदी लवकर तयार होते आणि लवकरच ‘मरते’. लिंबू घातलेली उशिरा तयार होते आणि जास्त टिकते. लिंबू रंग वाढवत नाही, तो रंगाचे वेळापत्रक बदलतो.

छटेबाबत गोंधळ होण्याचे एक कारण असे की लॉसोन आंबट द्रवात फिका पिवळसर दिसतो, तर साध्या पाण्यात नारिंगी-लाल. दोन्हींत लॉसोन तेवढाच असला तरी पाण्याची वाटी जास्त रंगलेली वाटते. म्हणून वाटीतल्या द्रवाच्या रंगावरून अंदाज बांधू नये. त्वचेवर मेंदी उतरवल्यावर रंग नारिंगी असतो आणि पुढच्या दोन दिवसांत हवेशी क्रिया होत तो गडद तपकिरी होतो. खरा निकाल म्हणूनच ४८ तासांनी लागतो. तळहाताची त्वचा जाड असल्याने तिथे रंग गडद बसतो, मनगटावर तो फिकाच राहतो. त्यात दोष मेंदीचा नसतो.

दह्याचे गणित वेगळे आहे. त्याची आम्लता सौम्य, पीएच चारच्या थोडी वर असते, त्यामुळे त्याने फार उशीर होत नाही. पण दह्यात प्रथिने असतात आणि लॉसोन प्रथिनांना चिकटणाराच रेणू आहे. काही रंग केसांवर बसण्याऐवजी वाटीतच दह्यातल्या प्रथिनांवर खर्च होतो. अंड्याबाबतही तेच होते. दह्याने केस मऊ वाटतात, लेप गळत नाही, हे खरे. पण गडद रंग हवा असेल तर दही शेवटी, लावण्याच्या अगदी आधी, थोडेच घालावे. उन्हाळ्यात रात्रभर दह्यात भिजलेली मेंदी आंबून वास मारते, हा अनुभव अनेकींना आहेच.

केसांच्या मेंदीत लोखंडी कढई वापरली की निष्कर्ष आणखी घसरतो. आंबट पदार्थ कढईतून लोह सोडवतो. ते लोह मेंदीतल्या व चहातल्या टॅनिनशी संयोग पावून काळपट छटा देते. श्रेय मात्र लिंबाला जाते. स्टीलच्या भांड्यात तेच लिंबू घातले तर ती काळपट झाक दिसत नाही.

स्वतः पडताळून पाहायचे असेल तर महागडे साहित्य लागत नाही. एकाच पाकिटातले पीठ बारीक चाळून तीन स्टीलच्या किंवा काचेच्या वाट्यांत प्रत्येकी दोन मोठे चमचे घ्या. पहिलीत पाणी, दुसरीत लिंबाचा रस, तिसरीत फेटलेले दही घालून तिन्ही पेस्ट सारख्या दाटपणाच्या करा. वर पातळ प्लास्टिक चिकटवून वाट्या शेजारी ठेवा. मेमधल्या उष्ण्यात दर दोन तासांनी, थंडीत दर चार तासांनी प्रत्येकीचा वाटाण्याएवढा ठिपका तळहातावर पाच मिनिटे ठेवून पुसा. ठसठशीत नारिंगी डाग उमटला की ती वाटी तयार झाली. दुसरी खूण म्हणजे वरचा थर तपकिरी होतो आणि आत मात्र हिरवेपणा राहतो. पाण्याची वाटी सहसा आधी डाग देते, लिंबाची नंतर. पुढच्या दिवशी पुन्हा डाग घेतला तर पाण्याच्या वाटीचा रंग फिका पडलेला दिसेल, लिंबाची वाटी अजून जोमात असेल. कंगव्यात निघालेल्या पांढऱ्या केसांची छोटी जुडी दोऱ्याने बांधून तयार पेस्टमध्ये दोन तास ठेवली तर केसांवरची छटाही कळते.

हातावर मेंदी काढायची तर १०० ग्रॅम पिठाला साधारण एक कप लिंबाचा रस किंवा पाणी लागते. दोन-तीन चमचे साखर घातली तर लेप लवकर सुकून गळत नाही. तयार झालेली पेस्ट लगेच वापरायची नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीत क्रिया जवळजवळ थांबते. कोन आठवडेच्या आठवडे दुकानाच्या फळीवर राहूनही अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देत असेल, तर तो पानाचा रंग नसतो. अशा कोनांत पॅराफेनिलीन डायअमाइन मिसळलेले सापडते आणि त्याने त्वचेवर फोड व कायमची अॅलर्जी होऊ शकते.

लिंबाचीही एक मर्यादा आहे. संवेदनशील त्वचेला किंवा खाजणाऱ्या टाळूला तीव्र आंबट लेप तासन्तास सोसत नाही. अशांनी साध्या पाण्यात भिजवावे, तयार होताच वापरावे आणि आंबटपणाचा हट्ट सोडावा. रंग थोडा लवकर मावळेल, पण वेळ नेमकी साधली तर फिका मुळीच येणार नाही.