राजीनामा, सोबत सातबारा

समजा, पुण्यातल्या एका आयटी कंपनीतला टीम लीड नोकरी सोडून गावी वडिलांच्या दोन एकरांत शेती करायला निघाला आहे. नोटीस 60 दिवसांची. मृग लागतो 7 जूनच्या सुमारास, म्हणून तो 1 एप्रिललाच पत्र देतो.

पत्राची पहिली ओळ मात्र कोरडी हवी : ‘मी पदाचा राजीनामा देत आहे; कामाचा शेवटचा दिवस 30 मे.’ तारीख विनोदात गुंडाळून ‘पहिला पाऊस पडला की निघेन’ असं लिहिलं, तर एचआरचा माणूस हसेल आणि दुसरं पत्र मागेल. शिवाय 1 एप्रिल! ही थट्टा नाही, हेही लिहावं लागेल.

मग गंमत. ‘यापुढे माझ्या डेडलाइन पाऊस ठरवेल आणि त्याच्याकडे मुदतवाढ मागता येत नाही. स्टँड-अप मीटिंग गोठ्यात होईल. म्हशी रोज उभ्या असतीलच.’ इथे हसू लिहिणाऱ्यावरच येतं. ‘इथल्यापेक्षा म्हशी समजूतदार’ असं लिहिलं की तोच विनोद टोमणा होतो आणि पत्र फायलीत कायम राहतं.

शेवटी पुन्हा कामाचं : कोणतं काम कोणाकडे सोपवणार, कागदपत्रं कधी पूर्ण होणार. आभारही नेमके हवेत. ‘रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तेव्हा सर, तुम्ही फोनवर थांबलात. पहिल्या भुईमुगाच्या शेंगा तुमच्या टेबलावर येतील. उंदरांनी मंजुरी दिली तर.’