मावळतीच्या फोटोचे १९६ तुकडे

समजा, तुमच्याकडे कोकणातल्या एका किनाऱ्याचा फोटो आहे. सूर्य अर्धा पाण्यात गेलाय, ओल्या वाळूवर एक होडी कलली आहे आणि कोपऱ्यात, का कोण जाणे, प्लास्टिकची एक लाल खुर्ची आहे. हा फोटो एआयला देऊन तुम्ही लिहिलंत, 'या सूर्यास्तावर चार ओळी कर.' काही सेकंदांत असं काहीतरी येऊ शकतं:

ओहोटीनं टाकून दिलेली होडी
कललीये वाळूवर,
अर्धा गोळा पाण्यात बुडालाय
आणि लाल खुर्ची अजून रिकामीच.

या यंत्राला डोळे नाहीत. मग खुर्ची दिसली कशी?

आधी फोटो कापला जातो! २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत २२४ बाय २२४ ठिपक्यांच्या चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन होतात. एकूण १९६. आजची मॉडेल्स याहून मोठी चित्रं घेतात, पण युक्ती बहुधा हीच असते. एकेका चौकोनातून रंगांचे ७६८ आकडे निघतात. सुट्या चौकोनाला काहीच अर्थ नसतो. ही लाली सूर्याची की खुर्चीच्या पाठीची, हे बाकीच्या चौकोनांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्यावर ठरतं. मग हे आकडे, मॉडेलच्या आत शब्द ज्या रूपात असतात, त्याच रूपात आणले जातात. म्हणजे फोटो तुमच्या वाक्याशेजारी जाऊन बसतो, जणू तोही मजकूरच!

आता कविता तुकड्यातुकड्यानं पुढे सरकते, आणि दर वेळी पुढचं काय यावं हे ठरवताना चित्राचे चौकोनही हिशेबात असतात. 'होडी' समजू शकतो. पण 'ओहोटी'? ती तर कुठल्याच चौकोनात नाही! ओली वाळू आणि कललेली होडी एकत्र दिसल्या की ओहोटी असणार, ही संगती शिकताना वाचलेल्या अफाट मजकुरातून आणि मथळ्यांसह पाहिलेल्या असंख्य चित्रांतून आलेली असते.

हीच ताकद घातही करते. सूर्यास्त म्हटलं की परतणारे पाखरांचे थवे आलेच. मग फोटोत एकही पक्षी नसला तरी कवितेत ते उडू लागतात. अशा वेळी चित्रापेक्षा सवय वरचढ ठरलेली असते. मला तर थव्यांपेक्षा ती बेंगरूळ खुर्चीच जास्त भरवशाची वाटते, कारण ती सवयीतून येणं अवघड.

खात्री करायचीय? खुर्ची कापून तोच फोटो पुन्हा द्या, आणि एकदाच नव्हे, कारण ओळी दर वेळी थोड्या बदलतातच. प्रत्येक वेळी खुर्ची गायब झाली, तर ती खरोखर फोटोतूनच आली होती.

मग मूळ फोटो देऊन 'सूर्योदय' लिहून बघा. क्षितिजावरचा अर्धा गोळा उगवतोय की मावळतोय, हे नुसत्या चित्रावरून सहसा माणसालाही सांगता येत नाही. यंत्र बहुधा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवेल आणि वाळूत रुतलेली तीच होडी मासेमारीला निघायच्या तयारीत असेल.