रेंज गेली तरी नोंद राहते

द्राक्षबागेत खांबावर बसवलेले हवामान यंत्र साधारण दर 15 मिनिटांनी तापमान, आर्द्रता, पाऊस, मातीतला ओलावा आणि पानावरचा ओलेपणा मोजते आणि हे आकडे मोबाइलच्या नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवते. यातला पानाचा ओलेपणा बागायतदाराला सर्वात महत्त्वाचा असतो. डावणीचा रोग पान किती तास सलग ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते, यावर ठरतो. नेमकी गोम अशी, की पान ओले करणारा पाऊसच वीजही घालवतो. वीज गेल्यावर मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग रेंज जाते. म्हणजे ज्या रात्रीचे आकडे हवेत, तीच रात्र हातातून निसटण्याची शक्यता जास्त.

यावरचा उपाय म्हणजे मोजणे आणि पाठवणे ही दोन कामे वेगळी करणे. यंत्र जागे होते, मोजते, आकडे स्वतःच्या मेमरीत लिहिते आणि झोपते. पाठवणारा भाग सेन्सरकडे पाहतच नाही. तो फक्त मेमरीत साठलेल्या, अजून न गेलेल्या नोंदी उचलतो. रेंज असो वा नसो, पहिले काम सारखेच चालते.

साठवायला जागा फार लागत नाही. अनुक्रमांक, वेळ, पाच-सहा मोजमापे, बॅटरीचा दाब आणि नोंद शाबूत आहे का हे तपासणारा एक आकडा, एवढे सगळे 32 बाइटमध्ये बसते. दिवसाच्या 96 नोंदी म्हणजे 3 किलोबाइट. 4 मेगाबाइटच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी मावतात. चिप भरली, की सर्वात जुन्या नोंदींच्या जागी नव्या लिहिल्या जातात, रहाटाच्या माळेसारख्या.

मात्र फ्लॅशची एक खोड आहे. तिच्यात 1 चा 0 केव्हाही करता येतो, पण 0 चा पुन्हा 1 करायचा तर 4 किलोबाइटचा पूर्ण कप्पा पुसावा लागतो, आणि एक कप्पा साधारण 1 लाख वेळा पुसला की भरवशाचा राहत नाही. नोंदी माळेने फिरत असल्यामुळे त्यांचा कप्पा साडेतीन वर्षांहून अधिक काळातून एकदाच पुसला जातो. तिथे चिंता नाही. धोका असतो तो ‘कुठपर्यंत पाठवले’ ही खूण ठेवण्याच्या जागेत. ती खूण एकाच ठिकाणी दर नोंदीला पुसून लिहिली, तर दिवसाला 96 वेळा या हिशेबाने तीन वर्षांच्या आतच तो कप्पा थकतो. पुस्तक धडधाकट, आणि झिजते ती वाचनखूण! म्हणून जाणकार खूण वेगळी ठेवत नाहीत. प्रत्येक नोंदीतच एक बिट 1 ठेवलेला असतो आणि नोंद पोचल्याची खात्री झाली, की त्याचा 0 केला जातो. काहीच पुसावे लागत नाही.

आता एक कल्पित प्रसंग पाहू. निफाड तालुक्यातली बाग, ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट. शनिवारी संध्याकाळी वादळी पाऊस होतो, वीज जाते, रात्री 11 वाजता रेंज जाते आणि सोमवारी सकाळी 9 ला परत येते. 34 तासांच्या 136 नोंदी यंत्रात पडून आहेत: क्रमांक 5201 ते 5336. यंत्र आधी सर्वात ताजी, 5336 क्रमांकाची नोंद पाठवते, म्हणजे फोनवर आत्ताची स्थिती लगेच दिसते. मग जुन्या नोंदी 32-32 च्या बॅचने निघतात. एकेक नोंद वेगळी पाठवणे महागात पडते, कारण बॅटरी खाते ते मोडेमचे जागे होऊन टॉवरशी जोडले जाणे. नंतर 32 बाइट गेले काय किंवा हजार गेले काय, फरक थोडाच. अख्खा साठा एकदम पाठवणेही बरे नाही. मध्येच रेंज तुटली तर सगळे पुन्हा पाठवावे लागते.

पहिल्या दोन बॅचची पोच येते. तिसरी, म्हणजे 5265 ते 5296, सर्व्हरला मिळते, पण पोच परत येताना रेंज डळमळते आणि ती यंत्रापर्यंत येतच नाही. यंत्राच्या दृष्टीने बॅच गेलेली नाही, म्हणून ते थोडे थांबून ती पुन्हा पाठवते. हे बरोबरच आहे. पोच नसताना नोंद पाठवली असे धरले तर ती कायमची जाऊ शकते. दोनदा पाठवली तर निस्तरता येते. निस्तरण्याचे काम सर्व्हरचे. यंत्राचा क्रमांक आणि नोंदीचा अनुक्रमांक ही जोडी आधीच असेल तर नवी ओळ घालायची नाही, एवढाच नियम:

```sql
INSERT INTO readings (device_id, seq, measured_at, leaf_wet)
VALUES (17, 5265, '2024-10-20 15:15', 0)
ON CONFLICT (device_id, seq) DO NOTHING;
```

पोच कधी द्यायची, यालाही महत्त्व आहे. बॅच हातात पडताच सर्व्हरने पोच दिली आणि डेटाबेसात लिहिण्याआधीच तो बंद पडला, तर दोन्हीकडून नोंद गेली. आधी लिहायचे, मग पोच. तसेच एखादी खराब नोंद सर्व्हर नाकारत असेल, तर तेवढीच बाजूला काढून बाकीच्या स्वीकाराव्यात. नाहीतर यंत्र तीच बॅच दिवसेंदिवस पाठवत बसते आणि मागची रांग तुंबते.

वरच्या ओळीतली `measured_at` ही वेळ यंत्राची आहे, सर्व्हरची नाही. सर्व्हरने नोंद मिळाल्याची वेळ लावली, तर शनिवार-रविवारचा पाऊस सोमवारी सकाळी एकदम कोसळल्यासारखा दिसेल. त्यासाठी यंत्रात बटण-सेलवर चालणारे घड्याळ असते. DS3231 ही प्रचलित चिप वर्षाला साधारण एक मिनिटाहून जास्त चुकत नाही. पण तिचा सेल संपला आणि मुख्य वीजही गेली, तर घड्याळ 1 जानेवारी 2000 पासून सुरू होते. डेटाबेसात 2000 सालच्या नोंदी दिसल्या, की सेल बदलायची वेळ आली असे समजावे.

पावसाच्या बाबतीत एक जुनी युक्ती फार कामी येते. पर्जन्यमापकाची छोटी वाटी भरली की उलटते आणि एक टिचकी मोजली जाते. नोंदीत ‘गेल्या 15 मिनिटांतला पाऊस’ लिहिला आणि ती नोंद खराब झाली, तर तेवढा पाऊस हिशेबातून गेला. त्याऐवजी विजेच्या मीटरसारखा चढता आकडा लिहिला, तर मधल्या दहा नोंदी गेल्या तरी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक एकूण पाऊस सांगतो. तो कधी पडला, एवढेच कळत नाही. पानाच्या ओलेपणाला अशी सोय नाही. त्याची गेलेली नोंद गेलीच.

नोंदी गळल्या की नुसत्या उशिरा आल्या, हे अनुक्रमांकावरून कळते. क्रमांक सलग असून वेळेत खंड असेल, तर यंत्रच बंद होते, बहुधा बॅटरी उतरली होती. वेळेबरोबर क्रमांकातही खंड असेल, तर मोजलेले वाटेत हरवले आहे. फोनवरचा आलेख मात्र हे अनेकदा लपवतो: खंडाच्या दोन टोकांना तो सरळ रेषेने जोडून टाकतो, किंवा रिकाम्या जागी 0 धरतो. पानाच्या ओलेपणात 0 चा अर्थ ‘कोरडे’ असा होतो, आणि डावणीचा हिशेब तिथेच फसतो.

आपल्या प्रसंगात 136 च्या 136 नोंदी सोमवारी सर्व्हरवर पोचल्या, आणि रविवारी पहाटे 2 ते सकाळी 10 पाने सलग ओली होती हे कळले. पण इशारा निघाला तो सोमवारी, 23 तास उशिरा. म्हणून त्यात ‘आत्ता धोका’ असे न लिहिता ओलेपणाचा दिवस आणि तास लिहावे लागतात, कारण रोग येण्याआधीची फवारणी करायची की लागण झाल्यानंतरची, हे बागायतदार त्या तासांवरून ठरवतो.