नळी अरुंद, पाणी सुसाट, दाब गायब!

व्हॉट्सअ‍ॅपवर एका गणिताचा फोटो येतो. आडव्या नळीची आकृती, डावीकडे व्यास ६ सेंटिमीटर, उजवीकडे ३. रुंद भागात पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि दाब १८० किलोपास्कल (हवेचा दाब धरून). अरुंद भागातला वेग आणि दाब काढायचा आहे. एवढ्याशा आकृतीत गमतीच्या पाच गोष्टी दडल्या आहेत.

१. व्यास निम्मा, वेग चौपट

पाणी दाबून लहान होत नाही. रुंद भागातून एका सेकंदात जेवढे लिटर येतात, तेवढेच अरुंद भागातून बाहेर पडायला हवेत. हेच सातत्य समीकरण: A₁v₁ = A₂v₂. इथे A म्हणजे क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून वेग २ वरून थेट ८ मीटर प्रति सेकंद! घाईत वेग दुप्पटच धरला, तर दाबातली घट ३० ऐवजी ६ किलोपास्कल येते. म्हणून फोटोत आधी बघायचं, की बाणाशेजारचा आकडा व्यासाचा आहे की क्षेत्रफळाचा. क्षेत्रफळं दिली असतील, तर वर्ग करायचा नाही.

२. दाब खर्च होतो, वेग विकत मिळतो

डॅनियल बर्नूली यांचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाचं समीकरण म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा हिशेब:

P + ½ρv² + ρgh = स्थिर

नळी आडवी आहे, त्यामुळे उंचीचं पद दोन्हीकडे सारखं, ते सोडून द्या. एक घनमीटर पाण्याचं वस्तुमान १००० किलो. त्याची गतिज ऊर्जा रुंद भागात २,००० ज्यूल, अरुंद भागात ३२,००० ज्यूल. वरचे ३०,००० ज्यूल दाबातून आले. घनमीटरमागे एक ज्यूल म्हणजेच एक पास्कल, म्हणून दाब ३० किलोपास्कलने उतरतो. उत्तर: १५० किलोपास्कल.

३. अरुंद जागी दाब वाढत कसा नाही?

बहुतेकांना वाटतं, की चिंचोळ्या जागेत कोंडलं की पाणी भिंतींवर जास्त जोर देईल. पण न्यूटनला विचारा. पाण्याचा वेग वाढतोय, म्हणजे त्याला कुणीतरी पुढे ढकलतंय. नळी आडवी असल्याने गुरुत्वाकर्षण मदतीला नाही. मग ढकलणार कोण? मागचं पाणीच. मागून येणारा रेटा समोरच्या रेट्याहून जास्त असेल तरच पाणी वेग घेईल. म्हणून दाब मागे, म्हणजे रुंद भागात जास्त, आणि पुढे कमी.

४. फोटो तिरका, की नळी तिरकी?

मोबाइल वाकडा धरला की आडवी नळीही चढणीची दिसते आणि पान फिरवलं की उभी नळी आडवी होते. उंची लिहिली आहे का, ते शोधाच. तीच नळी वर चढत असेल आणि अरुंद टोक २ मीटर उंचावर असेल, तर पाणी वर चढवायला आणखी सुमारे १९.६ किलोपास्कल लागतात. मग उत्तर १५० नव्हे, १३०.४ येतं. वेग मात्र ८ च राहतो. सातत्य समीकरणाला उंचीशी देणंघेणं नाही.

५. दोन सेंटिमीटरची लक्ष्मणरेषा

नळी आणखी आवळली तर? व्यास २ सेंटिमीटर केला की वेग १८ होतो आणि दाब फक्त २० किलोपास्कल उरतो. १.९ सेंटिमीटरला तर हिशेब शून्याच्या खाली जातो. इथे सूत्र आपली मर्यादा सांगतं. दाब २.३ किलोपास्कलच्या आसपास उतरला, की २० अंश सेल्सिअसचं गार पाणीसुद्धा उकळून वाफेचे बुडबुडे धरतं. पुढे दाब वाढताच ते फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

आणि हेच गणित उलटं केलं तर?

दोन ठिकाणचा दाब मोजा आणि त्यावरून प्रवाह काढा, झाला व्हेंचुरी मीटर! आत एकही फिरता भाग नाही. आपल्या नळीत ३० किलोपास्कलचा फरक दिसला, तर सेकंदाला सुमारे ५.६५ लिटर पाणी वाहतंय. पंधरा लिटरची बादली तीन सेकंदांच्या आत भरेल. खऱ्या नळीत घर्षणही थोडी ऊर्जा खातं, म्हणून चांगल्या मीटरमध्ये हा आकडा साधारण ०.९८ ने गुणतात. अरुंद भागानंतर नळी एकदम न रुंदावता हळूहळू रुंद करतात, म्हणजे पाण्यात भोवरे कमी होतात आणि खर्च झालेला बहुतेक दाब परत मिळतो.